ब्रिजमध्ये टाळी तुटते: ४/४ मधून ६/८ मध्ये जाताना बसणारा झटका आणि त्याचा इलाज

आमच्या भजनी मंडळातल्या पोरांनी पोळ्यासाठी एक गाणं बांधलं होतं. मुखडा कहरव्यात, म्हणजे सरळ ४/४. मधला तुकडा, ज्याला पोरं ब्रिज म्हणतात, तो दादऱ्यात, म्हणजे ६/८. मुखड्यात बैल सजवण्याची धामधूम आणि मधल्या तुकड्यात पेरून झाल्यावर पावसाची वाट पाहणं, म्हणून ताल बदलायचा, अशी कल्पना. कल्पना चांगलीच होती. पण दर वेळी ब्रिज सुरू झाला की ऐकणाऱ्यांच्या टाळ्या दोन-तीन ठोक्यांत विरून जायच्या. घरच्या काकू दारात उभ्या राहून टाळी धरायच्या आणि नेमक्या तिथे हात थांबवून म्हणायच्या, "हे गाणं मधातच काहून बसते?"

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी स्टुडिओ वगैरे काही नाही. बाजारभावाची वाट पाहत कापूस भरून ठेवलेली खोली, त्यात एक लॅपटॉप आणि दोन माइक, एवढंच. (कापसाच्या ढिगापुढे आवाज घुमत नाही, हा त्यातला एकमेव फायदा.) तिथे हा एकच दोष चार वेळा रेकॉर्ड करून, चार वेळा पुसून शेवटी सापडला. तो असा.

आधी हे ओळखा की ऐकणारा नेमका कुठे अडखळतो. एखाद्या संगीत न शिकलेल्या माणसाला पाठमोरं उभं करा, गाणं लावा, टाळी धरायला सांगा आणि मोबाइलवर त्याची टाळी रेकॉर्ड करा. टाळी ब्रिजच्या पहिल्याच ठोक्याला चुकली, तर गती जुळलेली नाही. पहिला ठोका बरोबर पडला पण दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात टाळी सैरभैर झाली, तर ठेका किंवा शब्द आड येत आहेत. ब्रिज सुखरूप पार पडला आणि मुखड्यावर परतताना माणूस गडबडला, तर दोष बाहेर पडण्याच्या वाटेत आहे. आमच्याकडे पहिला प्रकार सगळ्यात मोठा होता. दुसरा त्याच्याआड लपलेला होता, तो नंतर कळला.

गाण्याची गती मिनिटाला ९६ ठोके. कहरव्याच्या आठ मात्रा, दर दोन मात्रांना एक टाळी, म्हणजे एका आवर्तनात चार टाळ्या. शास्त्रात कहरव्याची टाळी पहिल्या मात्रेवर आणि खाली पाचवीवर, पण पोळ्याच्या तोरणाखाली उभा असलेला माणूस शास्त्राने टाळी वाजवत नाही, पाय आपटतो तिथे वाजवतो. दोन टाळ्यांमधलं अंतर ०.६२५ सेकंद, पूर्ण आवर्तन अडीच सेकंदांचं.

आता दादऱ्यात जाताना काहीतरी एक तसंच राहिलं पाहिजे, ज्याला धरून कान पलीकडे जाईल. तशा दोन गोष्टी आहेत. एक तर टाळी तशीच ठेवा: टाळीचं अंतर ०.६२५ सेकंदच, फक्त प्रत्येक टाळीत दोनाऐवजी तीन मात्रा. किंवा मात्रा तशीच ठेवा: मात्रेचा वेग बदलायचा नाही, पण टाळी दोनाऐवजी तीन मात्रांनी येईल, म्हणजे ०.९४ सेकंदाच्या आसपास. पहिल्यात गाणं त्याच पावलाने चालत राहतं, फक्त चालीत झोका येतो. दुसऱ्यात शब्दांचा वेग टिकतो पण पाऊल जड होतं, मिनिटाला ९६ ऐवजी ६४ ठोके. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. झटका तेव्हा बसतो, जेव्हा मनात पहिली असते आणि हाताने दुसरी होऊन जाते.

आमचं अगदी तसंच झालं होतं, आणि ते केलं सॉफ्टवेअरने. आम्ही ४१ व्या बारवर टाइम सिग्नेचर ६/८ केलं आणि टेम्पो ९६ तसाच ठेवला. वाटलं, आकडा तोच आहे म्हणजे गती तीच. पण बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोचा आकडा क्वार्टर नोट मोजतो, म्हणजे आपल्या दोन मात्रा. ६/८ मध्ये टाळी पडते तीन मात्रांवर. म्हणून ९६ लिहिलं की टाळी मिळते ६४ ची. गाणं एकदम तीनास दोन या प्रमाणात मंदावतं. काकूंचं "बसते" हे अगदी शब्दशः खरं होतं.

टाळी ९६ चीच हवी असेल, तर ६/८ च्या भागात आकडा दीडपट लिहायचा, म्हणजे १४४. आमचा नकाशा शेवटी असा झाला:

```
बार 33   4/4   96
बार 41   6/8   144
बार 57   4/4   96
```

४१ ते ५६ हे ६/८ चे सोळा बार. एकेक बार सव्वा सेकंदाचा, म्हणजे वीस सेकंद. कहरव्याची आठ आवर्तनंही वीस सेकंदांचीच. दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे कहरव्याचं एक, हे गणित जुळलं की गाण्याची लांबीही हलत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा काय मोजतो याची शंका असेल, तर पुस्तक शोधू नका. ६/८ चा एक बार निवडा आणि त्याची लांबी सेकंदांत पाहा. १.२५ दिसली तर टाळी टिकली आहे. १.८७५ दिसली तर तुम्ही आमच्याच खड्ड्यात आहात.

मेट्रोनोमवरही लगेच विश्वास ठेवू नका. काही ठिकाणी ६/८ मध्ये तो बारला तीन टिक देतो, दोन-दोन मात्रांनी. त्यावर वाजवलं की सहाची फोड ३+३ न राहता २+२+२ होते, आणि दादऱ्याचा झोका जाऊन भलतंच काहीतरी उभं राहतं. आम्ही त्यावर एक उपाय केला, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. नुसत्या ९६ च्या टिकटिकीची एक ऑडिओ फाइल बनवली आणि ती पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एका वेगळ्या ट्रॅकवर टाकली, नकाशाशी काहीही संबंध न ठेवता. ही टिक टाइम सिग्नेचर ओळखत नाही. ती साक्षीदार. ब्रिजमध्ये तिची प्रत्येक टिक दादऱ्याच्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडली पाहिजे, आणि ५७ व्या बारवर ती पुन्हा कहरव्याच्या पहिल्या मात्रेवर सापडली पाहिजे. कुठे सरकली की लगेच ऐकू येतं.

एवढं केल्यावर काकूंची टाळी पहिल्या ठोक्याला चुकणं थांबलं. पण चेहऱ्यावर प्रश्न तसाच होता. टाळी बरोबर, तरी ब्रिज कुणीतरी बाहेरून आणून चिकटवल्यासारखा.

त्याचं कारण ढोलकवाल्या काकांनी सांगितलं. त्यांना सहा-आठ हा शब्दच आवडत नाही. "कायचं सहा-आठ? दादरा म्हणा ना!" त्यांचं म्हणणं एवढंच, की तीनाची चाल दादऱ्याच्या आधी कुठे ऐकूच आली नाही. कहरव्यात कान दोन-दोन मोजत बसलेला असतो आणि अचानक त्याला तीन मोजायला सांगितलं जातं. पाहुणा येणार असेल तर आधी निरोप यावा, तसं ते.

तो निरोप खंजिरीने द्यायचा ठरवलं. आमच्या भागात खंजिरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे घरोघरी आहे, त्यामुळे ती मधूनच वाजली म्हणून कुणाला नवल वाटत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं होतं. ३९ आणि ४० या कहरव्याच्या शेवटच्या दोन बारांत खंजिरीने एका टाळीत तीन हलके टोले द्यायचे. बारला बारा. मिनिटाला २८८ टोले झाले, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच. ऐकायला जास्त वाटतं, पण बोटांना जड नाही. ४१ व्या बारवर दादरा सुरू होतो तेव्हा त्याच्या मात्रा याच वेगाने धावत असतात, म्हणजे खंजिरीला काहीच बदलावं लागत नाही. ती आधीच तिथे पोचलेली असते आणि बाकीचे तिला येऊन मिळतात.

यात एक मेख आहे. खंजिरी तीन-तीन आणि ढोलक दोन-दोन असं दोन्ही जोरात वाजलं की खिचडी होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी चुकलं. पहिल्या प्रयत्नात आमचं तेच झालं. मग काकांनी ३९ व्या बारला ठेका नेहमीचा ठेवला पण हाताखाली दाबून, आणि ४० व्या बारला चाटीवरचे मधले बोल सोडून फक्त टाळीच्या चार जागांवर घुमारा दिला. दोनाची चाल तिथे मागे पडते, तीनाची वर येते, आणि टाळी तेवढी मधोमध स्थिर राहते. दोन बार मला पुरेसे वाटतात. एका बारात निरोप पोचत नाही आणि चार बार केले तर ऐकणारा समजतो की ताल बदललाच. मग खरा दादरा आल्यावर त्यात नवीन काही उरत नाही.

सांध्यावर मोठी उठान किंवा झांजेचा खणखणाट घालायचा मोह सगळ्यांना होतो. ऑक्टोपॅडवाल्याला तर जास्तच. आमचा अनुभव उलटा आहे. मोठा आवाज म्हणजे तिथे बोट दाखवणं: बघा, इथे सांधा आहे. आम्ही गायकाचा शेवटचा स्वर ४० व्या बारमधून ४१ व्यात ओढला आणि पेटीने स्वरसंगतीही तिथे बदलली नाही. नवा शब्द नाही, नवा स्वर नाही, फक्त खालची चाल बदलते. शब्द दोन टाळ्या थांबून, ४२ व्या बारला येतात.

तुमचा कहरवा मुळात झुलता असेल, तर ही अर्धी तयारी लागणारच नाही. आपल्याकडे पुष्कळदा ठेका सरळ वाजतच नाही, प्रत्येक जोडीतला दुसरा बोल थोडा उशिरा पडतो, आणि तो उशीर म्हणजेच आत दडलेले तीन भाग असतात. रेकॉर्डिंग निम्म्या गतीने लावून ऐका. दुसरा बोल दोन टाळ्यांच्या बरोबर मधोमध पडतो की पुढच्या टाळीकडे झुकतो? झुकत असेल तर तीनाचा निरोप पहिल्या बारपासूनच चालू आहे. मग खंजिरीचा एक बार पुरतो.

आता शब्द. इथेच तो लपलेला दुसरा दोष होता. मुखड्याची ओळ अशी:

चल चल राजा, शिंग रंगवू

लघूला एक, गुरूला दोन असं मोजा. "चल चल" चार, "राजा" चार. आठ मात्रा, दोन-दोनांत स्वच्छ तुटणाऱ्या. कहरव्यासाठी याहून चांगली ओळ नाही. पोरांनी ब्रिजच्या पहिल्या मसुद्यात हीच लकब ठेवली होती: "भर भर पाणी" अशी. दादऱ्यात ती तीन-तीनांत तोडली की होते "भरभ" आणि "रपा". टाळी "भर" च्या पोटात पडते. गायक मग शब्द वाचवायला ओढाताण करतो, ढोलक त्याच्यामागे जातं, आणि टाळी दुसऱ्या आवर्तनात हरवते. आम्ही दोन आठवडे ढोलकला दोष देत होतो आणि चूक होती ओळीत.

दादऱ्याला गुरू-लघूची जोडी लागते, दोन आणि एक. ओळ बदलून अशी केली:

बीज पेरले, मेघ थांबले
वाट पाहते, माय एकटी

"बीज" म्हणजे दोन-एक. "पेर" दोन-एक. "ले" दोन, आणि एक श्वासाची. त्यानंतर एक टाळी मोकळी. अशी अर्धी ओळ चार टाळ्यांची, म्हणजे ६/८ च्या दोन बारांची. शब्दाचा प्रत्येक गुरू टाळीवर पडतो आणि कुणाला काही ओढावं लागत नाही. मोकळ्या टाळीत खंजिरी ऐकू येते. पावसाची वाट पाहण्याच्या ओळीत ती रिकामी जागा शब्दांपेक्षा जास्त बोलते, असं मला वाटतं. पोरांना ती भरून काढायची होती, मी भरू दिली नाही.

दोन ओळी आठ बार घेतात आणि आम्ही त्या दोनदा म्हणतो. सोळा बार भरले पाहिजेत, पण सुरुवातीला एक बार स्वराच्या ओढीसाठी दिलेला होता. तो मोकळ्या टाळ्यांतून वसूल केला: दुसऱ्यांदा म्हणताना चारपैकी एकही मोकळी टाळी ठेवली नाही. त्यात दोन बार वाचले, एक त्या ओढीत गेला आणि एक शेवटच्या "एकटी" वर थांबायला उरला.

शब्द बसले तरी पेटीवाला पोरगा घाई केल्यासारखा वाटत होता. त्याची सवय बारला एक स्वरसंगती बदलण्याची. कहरव्यात ती अडीच सेकंदांनी बदलायची, इथे बार सव्वा सेकंदाचा झाल्यामुळे दुप्पट वेगाने बदलू लागली. त्याला एवढंच सांगितलं, की बार मोजू नको, टाळ्या मोज, चार टाळ्या झाल्याशिवाय बोटं उचलू नको. एका दमात प्रश्न सुटला.

दुसऱ्या वाटेबद्दलही सांगतो, कारण ती वाईट नाही. मात्रा तशीच ठेवून टाळी जड करायची, म्हणजे टेम्पोचा आकडा ९६ तसाच राहू द्यायचा. काकांनीच एकदा लक्षात आणून दिलं, की "शिंग रंगवू" हे शब्द आमच्या मुखड्यात आधीपासून तीन-तीन-दोन असे पडतात. शिंऽग, रंऽग, वूऽ. आठ मात्रांत. तेच ढोलकवर उचलून शेवटचे दोन-चार बार ३+३+२ असा जोर दिला, तर कानाला तीन मात्रांची मोठी टाळी आधीच ऐकू येते, आणि पुढे दोनाच्या जागी तीन आले की दादरा आपोआप उभा राहतो. बसून ऐकायचं गाणं असेल, हेडफोनवर, तर मी हीच वाट घेईन. त्यात एक खोलवर जाणं आहे. पण तोरणाखाली दोनशे माणसं टाळी धरून उभी असतील तर ती ९६ वरून ६४ वर येत नाहीत. त्यांची टाळी तुटते.

गती १२० च्या पुढे असेल तर आमची पद्धत जशीच्या तशी वापरू नका. तिथे तीनाच्या मात्रा मिनिटाला ३६० च्या पुढे जातात आणि शब्द तोंडात मावत नाहीत. अशा गाण्यात कहरव्याचं एक आवर्तन म्हणजे दादऱ्याचं एकच आवर्तन धरा. १३० च्या गाण्यात दादऱ्याचा ठोका ६५ चा होतो, पण जुनी टाळी एकाआड एक त्यावर बसते, म्हणून माणसं सुटत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा ६५ च्या दीडपट, ९७.५ लिहायचं.

राहिलं परत येणं. ते जायच्या मानाने कठीण, कारण तोवर सगळे झोक्यात रमलेले असतात. काकांना तिथे तिहाई घ्यायची होती. घेतली, सुंदर घेतली, आणि समेवर सगळे तिच्याकडे पाहत राहिले, मुखडा उचलायला कुणीच नाही. शेवटी खंजिरीचाच रस्ता उलटा चालवला. ५५ आणि ५६ या दोन बारांत, म्हणजे शेवटच्या चार टाळ्यांत, ढोलक दादराच वाजवतं पण खंजिरी तीनाऐवजी टाळीला दोनच सारखे टोले देते. हे टोले कहरव्याच्या मात्रेच्याच वेगाचे असतात, ०.३१ सेकंदाचे. याच जागी गायक "एकटी" वर थांबलेला असतो, म्हणून टोले स्पष्ट ऐकू येतात. ५७ ला "चल चल" थेट समेवर उचललं, आणि "च", "ल" ही दोन अक्षरं खंजिरीच्या त्याच दोन टोल्यांच्या वेगाने पडली.

गेल्या वेळी काकू टाळी वाजवत दारातून आत आल्या, चहा ठेवला आणि टाळी न सोडता बाहेर गेल्या असं काही झालं नाही, हात दोनच असतात. पण चहा ठेवल्यावर त्यांनी ब्रिजच्या मधोमध टाळी पुन्हा धरली, ती बरोबर चौथ्या मात्रेवर. खंजिरीवाला पोरगा मात्र अजून ४० व्या बारला घाई करतो. त्याला साक्षीदार टिक हेडफोनमध्ये जोरात देतो आहे.